चिनी 'द'ची वाक्यं मराठीत आणताना: कुठे ठेवायची, कुठे फोडायची

प्रश्न: "चिनी कथा थेट मराठीत आणायला घेतल्या आहेत. नामाच्या आधी येणारी, वर्णनाला नामाशी जोडणारा 'द' हा शब्द लावलेली लांबलचक वाक्यं फार छळतात. इंग्रजीवाले ती सरळ नामानंतर टाकतात. मराठीत 'लेला-णारा' लावून आधीच ठेवायची की 'जो-तो' करायचं? आज अडलेल्या वाक्याचा शब्दक्रम असा आहे: तो – आहे – तो – गेल्या वर्षी – आमच्या गावाच्या वेशीवर – रस्ता दुरुस्त करताना – वाचवणे – एक – नदीत पडणे – द – मूल – द – कामगार. पुढचं वाक्य: तो सिच्वानचा आहे."

इंग्रजी अनुवादकांकडे बघून मराठीचा निर्णय घेऊ नका. त्यांच्यापुढे पर्यायच नसतो, तुमच्यापुढे निदान चार आहेत. अडचण वाक्य नामाच्या आधी येतं ही नाही, कारण मराठीतही ते आधी येतंच. अडचण त्या वाक्याच्या आतल्या क्रियापदाच्या जागेची आहे.

सोपं उदाहरण घेऊ. 'वो त्स्वोथ्येन माय द शू', म्हणजे मी – काल – घेणे – द – पुस्तक. मराठीत 'मी काल घेतलेलं पुस्तक'. क्रम एकास एक जुळतो, आणि नवशिक्याला वाटतं की चिनी म्हणजे मराठीच. पण हा क्रम जुळतो तो केवळ इथलं कर्म, म्हणजे पुस्तक, वाक्यातून उचलून शेवटी ठेवलंय म्हणून. कर्म गेलं की चिनी क्रियापद आपोआप टोकाला राहतं आणि मराठीसारखं दिसतं. आता पुस्तकाऐवजी घेणाऱ्याबद्दल बोलायचं असेल तर चिनीत क्रम होतो काल – घेणे – पुस्तक – द – मुलगा. मराठीत 'काल पुस्तक घेतलेला मुलगा'. इथे चिनी क्रियापद मध्ये आहे आणि मराठीचं टोकाला गेलं. लहान वाक्यात याने काही बिघडत नाही. लांब वाक्यात सगळं यानेच बिघडतं.

चिनी ही या बाबतीत जगावेगळी भाषा आहे. जिथे क्रियापद कर्माच्या आधी येतं, त्या भाषांमध्ये नामाचं वर्णन करणारं वाक्य जवळपास नेहमी नामानंतर येतं. इंग्रजी तशी आहे. मराठी, जपानी, कोरियन यांत क्रियापद शेवटी, म्हणून वर्णन आधी शोभतं. चिनीने क्रियापद इंग्रजीसारखं आणि वर्णन मराठीसारखं ठेवलंय. त्यामुळे इंग्रजी अनुवादक वर्णनाची जागा बदलतो आणि आतला क्रम ठेवतो, तर मराठी अनुवादक जागा ठेवतो आणि आतला क्रम उलटवतो. दोघांचं काम वेगळं, म्हणून दोघांच्या चुकाही वेगळ्या.

आता तुमचं वाक्य. पहिला मसुदा बहुतेकांचा असा होतो: 'गेल्या वर्षी आमच्या गावाच्या वेशीवर रस्ता दुरुस्त करताना नदीत पडलेल्या मुलाला वाचवणारा तो कामगार आहे.' व्याकरणात खोट नाही, पण मोठ्याने वाचा. रस्ता कोण दुरुस्त करत होतं? मराठी वाचकाला वाटेल, ते मूल. रस्ता दुरुस्त करता करता तेच नदीत पडलं. मूळ चिनीत हा घोटाळा होत नाही, कारण 'रस्ता दुरुस्त करताना' आणि 'नदीत पडणे' यांच्यामध्ये 'वाचवणे' हे क्रियापद भिंतीसारखं उभं आहे. मराठीत ते क्रियापद उचलून मागे नेलं की भिंत पडते, आणि एका माणसाचं वर्णन दुसऱ्याच्या अंगावर जाऊन पडतं.

मसुदा तपासताना मी हेच आधी शोधते. एका वर्णनाच्या पोटात दुसरं वर्णन असेल, तर मराठीत बाहेरच्या वर्णनातले काळ, जागा, कारण सांगणारे शब्द आतल्या क्रियापदाला चिकटलेत का ते बघायचं. युक्ती अशी की वाक्य पहिल्या 'लेला' किंवा 'णारा'पाशी थांबवून वाचायचं. 'गेल्या वर्षी आमच्या गावाच्या वेशीवर रस्ता दुरुस्त करताना नदीत पडलेल्या...' इथपर्यंत जे चित्र उभं राहतं तेच वाचकाच्या डोक्यात बसतं. पुढे 'वाचवणारा' आला तरी तो मागे जाऊन चित्र दुरुस्त करत नाही.

मग फोडायचं कुठे? उत्तर मूळ वाक्यातल्या दोन छोट्या शब्दांत आहे. कामगाराआधी 'तो' हा दर्शक शब्द आहे आणि मुलाआधी 'एक'. कामगार ओळखीचा आहे: लेखक धरून चालतो की ही घटना ऐकणाऱ्याच्या कानावर आलेली आहे आणि 'कोण तो?' एवढंच सांगायचंय. मूल मात्र अनोळखी आहे, पहिल्यांदाच येतंय. मराठीत 'जो-तो' ओळखीच्यासाठी चालतो, अनोळखीसाठी नाही. 'जे मूल नदीत पडलं होतं त्या मुलाला' असं लिहिलं तर वाचक विचारेल, कुठलं मूल, आधी कधी आलं होतं? म्हणून मुलाला 'लेला' आणि कामगाराला 'जो-तो':

'गेल्या वर्षी आमच्या गावाच्या वेशीवर रस्त्याचं काम चालू असताना, नदीत पडलेल्या एका मुलाला ज्या कामगाराने वाचवलं, तोच हा. मूळचा सिच्वानचा.'

'दुरुस्त करताना'चं 'काम चालू असताना' केलं, कारण 'करताना'ला कर्ता शोधावा लागतो आणि जवळचा कर्ता मूल आहे. 'काम चालू असताना'ला तो लागत नाही. त्या बदल्यात हा कामगार स्वतः त्या रस्त्यावर राबत होता हे थोडं पुसट झालं. 'कामगार' शब्दातून ते समजतं, म्हणून मला चालतं. कथेत पुढे त्यावर काही अवलंबून असेल, तर पहिलं वाक्य वेगळं काढा: 'गेल्या वर्षी तो आमच्या वेशीवर रस्त्याच्या कामावर होता. तेव्हा नदीत पडलेल्या एका मुलाला ज्याने वाचवलं, तोच हा.' कुठलं निवडायचं हे कथा बघूनच ठरेल.

ही ओळखीची-अनोळखीची कसोटी मला सर्वात जास्त उपयोगी पडते, आणि तिच्यामुळे एक पर्याय हाती लागतो जो अनुवादात फारसा वापरला जात नाही, पण बोलताना आपण दिवसभर वापरतो. 'मी राहते ते घर'. 'तू काल म्हणालास ती गोष्ट'. 'आम्ही उतरलो त्या हॉटेलात'. यात 'जो' नाही, 'लेला'ही नाही. पूर्ण क्रियापद आणि त्यापाठोपाठ 'तो-ती-ते'. चिनी 'वो जू द फांगत्स', म्हणजे मी – राहणे – द – घर, याला हे अगदी बसतं: वर्णन आधी, मग वर्णन संपल्याची खूण, मग नाम. 'मी राहत असलेलं घर' हे सरकारी पत्रासारखं वाटतं, 'ज्या घरात मी राहते ते घर' पाठ्यपुस्तकासारखं. अट एकच, नाम ओळखीचं हवं. 'मी पाहिली ती एक बाई' होत नाही. तिथे 'मी पाहिलेली एक बाई'कडेच यावं लागतं. कथेतल्या संवादांत तर मी आधी हाच पर्याय लावून बघते.

'द'ची दुसरी अडचण अशी की तो स्वतः काहीच सांगत नाही: काळ नाही, कर्ता-कर्म नाही, नामाचं वाक्याशी नातं काय तेही नाही. मराठीला मात्र दर वेळी काहीतरी निवडावंच लागतं. 'लाय खायह्वेइ द रन' म्हणजे येणे – बैठक घेणे – द – माणसं. बैठकीला आलेली माणसं, की येणारी? शब्दांत उत्तर नाही, मागच्यापुढच्या मजकुरात आहे. 'छ्ये त्साय द दाओ', म्हणजे कापणे – भाजी – द – सुरी. 'भाजी कापणारी सुरी' म्हटलं तर सुरी स्वतःच कापायला लागते. आपल्याकडे 'भाजी चिरायची सुरी' हा सरळ मार्ग आहे. साधन, जागा, वेळ अशा नामांसाठी 'आयचा' आणि 'ण्याचा' ही रूपं हाताशी ठेवा. 'लेला' आणि 'णारा' यांच्यापलीकडे न पाहिल्यामुळे अनुवाद अनुवादासारखा वाटतो, असं माझं मत आहे.

यातली एक जोडी जवळून बघण्यासारखी आहे. 'था दायलाय द श्याओशी' आणि 'था ह्वेइलाय द श्याओशी'. पहिली: तो – आणणे – द – बातमी. दुसरी: तो – परतणे – द – बातमी. चिनीत दोन्हींचा साचा अक्षरशः एक आहे. मराठीत पहिली 'त्याने आणलेली बातमी' आणि दुसरी 'तो परतल्याची बातमी'. 'लेली' आणि 'ल्याची' यांतला फरक कशावरून ठरतो? नाम वाक्यात परत घालून बघायचं. 'त्याने बातमी आणली' हे वाक्य होतं, म्हणजे आत बातमीसाठी रिकामी जागा होती, म्हणून 'लेली'. 'तो बातमी परतला' हे वाक्य होत नाही. आत जागाच नाही, बातमी म्हणजे ती संपूर्ण घटना, म्हणून 'ल्याची'. आवाज, वास, कारण, शक्यता, अफवा अशी नामं आली की ही परीक्षा घ्या. 'मूल – रडणे – द – आवाज' म्हणजे 'मूल रडल्याचा आवाज' किंवा 'मुलाच्या रडण्याचा आवाज'. इंग्रजी अनुवादकालाही हाच फरक करावा लागतो. पहिल्या बातमीला 'द न्यूज ही ब्रॉट', दुसरीला 'द न्यूज दॅट ही हॅड कम बॅक' किंवा नुसतं 'द न्यूज ऑफ हिज रिटर्न'. पहिल्यातला 'दॅट' गाळता येतो, दुसऱ्यातला गाळला तर वाक्य लंगडतं.

वाचतानाच चूक होण्याची एक जागा आहे, ती मांडणीच्याही आधीची. 'याओस्स ल ल्येरन द गोउ' हे चिनी व्याकरणातलं नेहमीचं उदाहरण: चावून मारणे – शिकारी – द – कुत्रा. एक अर्थ 'शिकाऱ्याला चावून मारणारा कुत्रा', दुसरा 'शिकाऱ्याच्या कुत्र्याला चावून मारलं'. 'द' हा वर्णनाचाही आणि मालकीचाही, आणि क्रियापदानंतरचं नाम 'द'ला खेटून उभं असल्यामुळे दोन्ही वाचनं बसतात. मराठीत दोन्ही अर्थांना एकच वाक्य शक्य नाही. म्हणून कुठल्याही लांब वाक्यात मी आधी शेवटचा 'द' शोधते, त्याच्यानंतरचं नाम अधोरेखित करते, आणि मग मागे मागे जात वर्णन कुठे सुरू होतं ते ठरवते. पुढून वाचत गेलं तर मन पहिलं क्रियापद मुख्य धरतं आणि शेवटी नाम आल्यावर सगळी इमारत पुन्हा बांधावी लागते. तुमच्या वाक्यात दोन 'द' आहेत. शेवटचा कामगाराचा, आतला मुलाचा. हे कागदावर कंस घालून दाखवलं की अर्धं काम होतं.

आता वर्णन काय काम करतं हे बघू, कारण फोडायचं की नाही हे त्यावरही ठरतं. काही वर्णनं निवड करतात: अनेकांतला कोणता. काही फक्त माहिती देतात. चिनीत दर्शक शब्दाच्या जागेवरून याचा थोडा अंदाज येतो. 'दाय येनजिंग द नाग श्वेशंग', म्हणजे चष्मा लावणे – द – तो – विद्यार्थी, आणि 'नाग दाय येनजिंग द श्वेशंग', म्हणजे तो – चष्मा लावणे – द – विद्यार्थी. भाषाशास्त्रज्ञ युआन रेन चाओ यांनी 1968 च्या आपल्या चिनी व्याकरणात म्हटलं की पहिल्या क्रमात वर्णन निवड करतं आणि दुसऱ्यात ते नुसतं वर्णन असतं. नंतरच्या अभ्यासकांनी यावर बरेच आक्षेप घेतले, आणि बोलताना आघात कुठे पडतो यानेही अर्थ फिरतो, तेव्हा हा नियम म्हणून नव्हे तर इशारा म्हणून वापरा. निवड करणारं वर्णन मी कधी वेगळ्या वाक्यात काढत नाही. 'चष्मा लावलेला तो विद्यार्थी' किंवा 'तो चष्मेवाला विद्यार्थी' असं नामाला बांधूनच ठेवते. नुसती माहिती देणारं वर्णन मात्र मोकळेपणाने बाहेर काढता येतं.

बाहेर काढायलाच हवं अशी एक जात कथांमध्ये वारंवार भेटते: सर्वनामाआधीचं वर्णन. 'त्सोंगलाय बू छोउयेन द था', म्हणजे कधीच – सिगारेट न ओढणे – द – तो, आणि पुढे 'आज एकामागून एक ओढत होता'. ही लकब जुन्या चिनीत रुळलेली नव्हती. चीनमधल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या 1919 च्या चार मे चळवळीनंतरच्या लिखाणात परक्या भाषांच्या प्रभावाने ती वाढली. तिथे वर्णन कोणाची निवड करत नाही, 'तो' तर एकच आहे. तिथे वर्णनाच्या पोटात 'असं असूनही' दडलेलं असतं. 'कधीच सिगारेट न ओढणारा तो आज एकामागून एक ओढत होता' हे मराठीत चालतं, पण त्यातलं आश्चर्य दबतं. मी लिहीन: 'एरवी सिगारेटला हातही न लावणारा माणूस, आज एकामागून एक ओढत होता', किंवा 'तो कधी सिगारेट ओढत नसे. आज मात्र एकामागून एक चालली होती.' इंग्रजीतही 'ही, हू नेव्हर स्मोक्ड' असं लिहिण्यापेक्षा 'ही नेव्हर स्मोक्ड, बट...' हेच स्वाभाविक. दडलेलं नातं ओळखायचं आणि 'मात्र', 'म्हणून', 'तरी' यांनी ते उघडं करायचं. लेखकाने ही लकब मुद्दाम आणि सतत वापरली असेल, तर काही ठिकाणी ठेवावी. प्रत्येक ठिकाणी सुटसुटीत केलं तर त्याचा आवाज हरवतो.

तुम्ही इंग्रजीचा विषय काढलात म्हणून तुमचंच वाक्य तिकडे नेऊन बघू. 'ही इज द वर्कर हू, व्हाइल रिपेअरिंग द रोड ॲट द एज ऑफ अवर व्हिलेज लास्ट इयर, सेव्ह्ड अ चाइल्ड हू हॅड फॉलन इंटू द रिव्हर.' रस्ता कोण दुरुस्त करत होतं यात शंका नाही, कारण क्रियापदाची भिंत इंग्रजीत जागेवर राहते. पण वाक्य आता नदीपाशी संपतं. चिनीत ते कामगारापाशी संपत होतं, म्हणून पुढचं 'तो सिच्वानचा आहे' लगेच कामगाराला जोडलं जात होतं. इंग्रजीत 'ही' म्हटलं की मध्ये 'चाइल्ड' आडवं येतं आणि सिच्वानचं कोण असा क्षणभर प्रश्न पडतो. तिथला अनुवादक मग 'द मॅन वॉज फ्रॉम सिच्वान' असं नाम पुन्हा घालेल, किंवा सिच्वान पहिल्याच वाक्यात 'द वर्कर फ्रॉम सिच्वान' असं ओवून टाकेल. मराठीत आपली यातून सुटका होते. 'मूल' नपुंसक आहे, 'तो' म्हटल्यावर ते मूल असूच शकत नाही. मूळ चिनीत मूल असलं तरी मराठीत 'मुलगा' करायचा मोह होतो, कारण वाक्याला चेहरा येतो. इथे तो करू नका, नाहीतर हा फायदा गेला.

हे सगळं कथेपुरतं झालं. यंत्रांच्या माहितीपुस्तिका आणि करार यांत मी उलट वागते. 'प्रशिक्षण न घेणे – द – व्यक्ती – करू नये – चालवणे – हे यंत्र' याचं 'प्रशिक्षण न घेतलेल्या व्यक्तींनी हे यंत्र चालवू नये' हेच बरोबर. तिथे वर्णन म्हणजे अट असते. 'काही व्यक्तींनी प्रशिक्षण घेतलेलं नसतं. त्यांनी हे यंत्र चालवू नये' असं फोडलं तर वाचायला हलकं, पण नियमाचं विधान झालं. करारातलं वर्णन तीन ओळी लांब असेल तरी मी ते 'जो-तो'त एकाच वाक्यात ठेवते, 'ज्या पक्षाने... त्या पक्षाने...' असं, आणि 'ज्या'नंतरचं नाम 'त्या'नंतर पुन्हा लिहिते. कथेत ही पुनरुक्ती खुपेल. करारात मात्र कुठली अट कोणाला लागू आहे याबद्दल दोन वकिलांनी दोन अर्थ काढू नयेत, एवढ्यासाठी ती हवी.